लखनवी चिकनचे पांढरे कपडे: धुणं, खळ आणि वर्षांनी येणारा पिवळेपणा

लखनौहून हौसेने आणलेला पांढरा चिकनचा कुर्ता चार-पाच वर्षांनी कपाटातून काढावा आणि गळ्याशी, काखेत, घडीच्या रेघांवर पिवळा दिसावा, हे बहुतेकींच्या घरी घडलेलं असतं. मग कुणी नीळ सुचवतं, कुणी ब्लीच, कुणी ‘ड्रायक्लीनला दे’ म्हणतं. मी बरीच वर्षं हे कपडे वापरते, घरीच धुते आणि नात्यातल्या बायकांचे जुने कपडेही हाताळते. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. पांढरा चिकन सहसा आपल्या आपण पिवळा पडत नाही. धुताना त्यात राहून गेलेल्या गोष्टी पिवळ्या पडतात: घामाचं तेल, साबण, खळ, ब्लीचचा अंश. म्हणून या लेखात ब्लीचपेक्षा पाण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

फक्त पांढऱ्या किंवा फिक्या कपड्यावरच्या पांढऱ्या सुती धाग्याच्या कामाबद्दल, आणि मलमल व जॉर्जेट या दोनच कापडांबद्दल लिहिते आहे.

१. आधी कापड ओळखा

मलमलमध्ये गोंधळ नसतो, ती सुती असते. खरा गोंधळ जॉर्जेटचा. दुकानात ‘प्युअर जॉर्जेट’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा व्हिस्कोस असतं, कधी रेशीम. ‘फॉक्स जॉर्जेट’ म्हणजे पॉलिस्टर. तिन्ही हाताला बरीचशी सारखी लागतात, पण पाण्यात तिन्हींचं वागणं वेगळं.

घरी ओळखायचं तर आतल्या शिवणीच्या मार्जिनमधून कापडाचे दोन-तीन धागे ओढून काढा. भरतकामाचा धागा घेऊ नका, तो सुती असल्याने तुम्हाला चुकीचं उत्तर मिळेल. धागे चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून पेटवा. कागदासारखे जळून मऊ राखाडी राख उरली तर व्हिस्कोस. वितळून काळा, कडक मणी झाला तर पॉलिस्टर. जळक्या केसांचा वास आला आणि मणी बोटाने चुरडला गेला तर रेशीम. रेशमी जॉर्जेट मी घरी धुवायला सांगणार नाही, त्यामुळे इथून पुढे जॉर्जेट म्हणजे व्हिस्कोस किंवा पॉलिस्टर असंच समजा.

कापडावर बादल्याचं काम, म्हणजे मुकेशच्या चमचमत्या टिकल्या आहेत का, तेही आत्ताच पाहून ठेवा. तो धातू असतो. खाली दिलेले लिंबाचे आणि ऑक्सिजन ब्लीचचे उपाय अशा कपड्याला लावायचे नाहीत.

२. जवळ काय काय हवं

- दोन मोठे प्लॅस्टिकचे टब. लोखंडी किंवा गंज धरलेली बादली नको.
- सौम्य लिक्विड डिटर्जंट
- एन्झाइम असलेली चांगली धुण्याची पावडर (फक्त जुनी खळ काढण्यासाठी)
- ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. पाकिटावर हे नाव वाचूनच घ्या.
- पांढरं व्हिनेगर, लिंबू, मीठ
- आरारूट
- दोन जाड टर्किश टॉवेल, एक मऊ टूथब्रश
- पोव्हिडोन आयोडीनची छोटी बाटली, जखमेला लावतो तीच. तिचं काम पुढे येईल.
- मोजपट्टी

३. नवा कपडा: पहिलं पाणी

चिकनचं काम सुरू होण्याआधी कापडावर लाकडी ठशांनी नक्षी छापतात. त्या छपाईचा निळसर रंग कच्चाच असतो, कारण काम झाल्यावर तो धुऊन काढायचा असतो. लखनौमध्ये भरतकाम संपलं की कपडा धोब्याकडे जातो, तिथे धुऊन, उजळ करून, खळ देऊन, इस्त्री होऊन दुकानात येतो. घाईत धुतलेल्या मालात टाक्यांच्या कडेने फिक्या निळ्या रेघा राहिलेल्या दिसतात. तो डाग नव्हे आणि त्यावरून कपडा खोटाही ठरत नाही.

असा कपडा साध्या, गार पाण्यात तासभर बुडवून ठेवा. पाणी निळसर किंवा गढूळ झालं की ओता, पुन्हा भरा. रेघा उरल्याच तर डिटर्जंटचे दोन थेंब लावून उलट बाजूने टूथब्रश अगदी हलका फिरवा. निळं गेल्याशिवाय आणि दुकानातली खळ निघाल्याशिवाय इस्त्री फिरवू नका.

कापड रंगीत असेल, फिकं गुलाबी वा आकाशी, तर आधी आतल्या शिवणीवर ओला पांढरा रुमाल दाबून धरा. रुमालावर रंग उतरला तर तो पांढऱ्या टाक्यांवरही उतरणार. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सर्रास सांगतात. तयार रंगवलेल्या कपड्याला मिठाने काहीही होत नाही. असा कपडा एकटाच, गार पाण्यात, न भिजवत ठेवता पटकन धुवा आणि ओला असताना घडी करून ठेवू नका.

४. मलमल धुताना

मलमलचा धागा बारीक आणि विरळ विणलेला असतो, म्हणून ती ओली झाली की पाण्याच्या वजनानेच ताणली जाते. त्यात चिकनचे टाके दोन तऱ्हेचे. मुर्री आणि फंदा म्हणजे वर आलेल्या गाठी, मुर्री तांदळासारखी लांबट आणि फंदा बाजरीच्या दाण्याएवढा. बखियामध्ये मात्र धागे कापडाच्या उलट बाजूने आडवे धावतात आणि सुलट बाजूला त्यांची पांढुरकी छाया दिसते. धुण्यात पहिला धोका असतो तो या मागच्या धाग्यांना. अंगठीत, बांगडीत किंवा मशीनच्या ड्रममध्ये एक धागा अडकला की पाकळीच्या पाकळी उसवते. म्हणून अंगठ्या काढा, कपडा उलटा करा आणि मशीनचा मोह टाळा.

पद्धत सोपी आहे. साधारण ५ लिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा लिक्विड डिटर्जंट पूर्ण मिसळा, मगच कपडा बुडवा. १५-२० मिनिटं भिजू द्या. तळव्याने दाबा, सोडा, दाबा, सोडा. घासायचं नाही, आपटायचं नाही. गळ्याला आणि काखेला डिटर्जंट थेट लावून पाच मिनिटं ठेवलं तर तेलकटपणा निघतो.

आता महत्त्वाचं काम: खळबळणं. बहुतेकजणी दोन पाण्यांवर थांबतात आणि पुढच्या पिवळेपणाची सुरुवात तिथेच होते. मी किमान चार पाणी काढते. पाणी पुरेसं झालं का ते असं पाहा: शेवटच्या पाण्यातलं थोडं पाणी स्वच्छ काचेच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत भरा, झाकण लावून जोरात हलवा आणि ठेवून द्या. फेसाचा थर अर्धा मिनिट टिकला तर अजून एक पाणी काढा. फेस लगेच फुटून गेला तर झालं.

तुमच्याकडे बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल तर शेवटच्या आधीच्या पाण्यात, ५ लिटरला एक मोठा चमचा व्हिनेगर घाला आणि त्यानंतर एक साधं पाणी काढा. जड पाण्यातला चुना साबणाशी मिळून जो चिकट, राखाडी थर धरतो तो याने सुटतो. अशा पाण्यासाठी वडीचा साबण अजिबात नको, हा थर त्याच्यानेच जास्त होतो. रिठ्याबद्दलही विचारतात. रिठा सौम्य आहे, पण त्याचं पाणी तपकिरी असतं. दाट काढलं तर शुभ्र मलमलवर त्याची झाक बसते. रंगीत चिकनला खुशाल वापरा, पांढऱ्याला नको.

पिळायचं नाही. टॉवेलवर पसरून गुंडाळी करा, दाबा, पाणी टॉवेलला पिऊ द्या. मग दोरीवर न लटकवता आडवा पसरा. नीट खळबळलेल्या मलमलला तास-दोन तास ऊन चालतं, ऊन सुती कापड उजळवतं. साबण राहिलेल्या कापडाला तेच ऊन पिवळं करतं.

५. जॉर्जेट धुताना

व्हिस्कोस जॉर्जेटचे धागे फार जास्त पीळ देऊन विणलेले असतात. पाणी लागलं की धागा फुगतो, पीळ घट्ट होतो आणि कापड आक्रसतं. पहिल्यांदा धुतल्यावर कुर्ता दोन बोटं आखूड झाल्याचं पाहून अनेकींचा जीव जातो. म्हणूनच मोजपट्टी सांगितली. धुण्याआधी उंची, छाती आणि बाहीचं माप कागदावर लिहून ठेवा. धुतल्यावर कपडा किंचित दमट असतानाच, उलट बाजूने, हाताने हळूहळू त्या मापापर्यंत सरळ करत मध्यम इस्त्री फिरवा. गेलेली लांबी बरीचशी परत मिळते. कोरडा झाल्यावर ओढून काही उपयोग नाही.

ओलं व्हिस्कोस कमजोर असतं, त्यामुळे पाण्यातून काढताना एका टोकाला धरून उचलू नका. दोन्ही हात खाली घालून, ओंजळीत घेतल्यासारखं उचला. गार पाणी, पाच-सात मिनिटं, बस. खळबळणं मात्र मलमलइतकंच.

अस्तराकडे लक्ष असू द्या. जॉर्जेटच्या कुर्त्याला बहुधा सुती अस्तर लावलेलं असतं आणि दोघांचं आक्रसणं सारखं नसतं. पहिल्या धुण्यानंतर अस्तर खालून डोकावतं किंवा जॉर्जेटला चुण्या पडतात. शिवून घेणार असाल तर अस्तराचं कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, मगच शिंप्याकडे द्या.

पॉलिस्टर जॉर्जेट यातलं काहीच करत नाही. त्याची अडचण दुसरी: ते तेल धरून ठेवतं. अंगाचं तेल, केसांचं तेल, डिओडरंट. याला कोमट पाणी आणि गळ्या-काखेला थेट डिटर्जंट हवा. इस्त्री मात्र अगदी कमी, मधे सुती कापड ठेवून.

धुतल्यावर जॉर्जेट कडक, पुठ्ठ्यासारखं झालं अशी तक्रार नेहमी येते. पॉलिस्टरमध्ये तो राहिलेला साबण असतो. व्हिस्कोसमध्ये साबणाबरोबर आक्रसलेला पीळही असतो. व्हिनेगरचं एक पाणी, मग साधं पाणी आणि वाफेची इस्त्री, एवढ्याने ते पुन्हा मऊ पडतं. यावर फॅब्रिक सॉफ्टनर ओतू नका. तो आणखी एक थर चढवतो आणि तोही पुढे पिवळा पडतो.

६. खळ कोणाला, किती आणि कधी

खळ फक्त मलमलला. पॉलिस्टर जॉर्जेट ती शोषतच नाही, वरच्यावर पांढरी पापुद्री उडते. व्हिस्कोस जॉर्जेटची सगळी शोभा त्याच्या पडण्यात, ती खळीने जाते.

मलमलसाठी मला आरारूट सगळ्यात आवडतं, कारण शिजल्यावर ते पारदर्शक होतं. मैदा आणि कॉर्नफ्लोअर दुधी राहतात आणि जाळीच्या कामात साचतात. भाताची पेजही चांगली, पण अगदी ताजी, गाळलेली आणि बिनमिठाची.

एका कुर्त्यासाठी एक लिटर पाणी घ्या. एक छोटा चमचा आरारूट अर्ध्या वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवा. उरलेलं पाणी उकळायला ठेवा, उकळी आली की कालवलेलं आरारूट ढवळत ओता. पांढरं पाणी काचेसारखं स्वच्छ झालं की ते शिजलं. कच्चं राहिलं तर कपड्यावर पावडर बसते. पातळ फडक्यातून गाळा आणि कोमट होऊ द्या. धुऊन ओलसर असलेला कपडा उलटा करून त्यात पूर्ण बुडवा, दाबून काढा, झटका, पसरा. कोरड्या कपड्याला खळ दिली तर ती ठिकठिकाणी जास्त पिते आणि ढग उमटतात. साडीला याच प्रमाणात तीन-साडेतीन लिटर लागेल. पदर आणि निऱ्यांचा भाग कडक हवा असेल तर एवढ्याच पाण्यात आरारूट दीडपट करा, त्याहून जास्त नको.

नीळ घालायची असेल तर शेवटच्या पाण्यात, खळीत नाही. आणि अगदी नखभर, आधी वाटीत विरघळवून, फडक्यातून गाळून. नीळ पिवळेपणा काढत नाही, झाकते. दर धुण्याला घातली की चार-सहा महिन्यांत कपडा राखाडी दिसू लागतो आणि मुर्रीच्या गाठींत निळे ठिपके अडकतात.

इस्त्री करताना टेबलावर टॉवेल दुहेरी घाला, कपडा त्यावर सुलट बाजू खाली करून ठेवा आणि दमट असतानाच मागून इस्त्री करा. गाठी टॉवेलच्या लवेत रुततात आणि टपोऱ्या राहतात. सुलट बाजूने सपाट टेबलावर दाबलेली मुर्री पुन्हा पूर्वीसारखी फुलत नाही.

खळीचा नियम एकच आहे आणि तो मोडू नका: घालायच्या कपड्याला खळ, ठेवायच्या कपड्याला नाही. साठवलेली खळ काळाबरोबर तपकिरी होते, घडीवर धागे ठिसूळ करते आणि कसर लागण्याचं ती एक मोठं कारण आहे.

७. पिवळेपणा वाचायला शिका

पिवळं दिसलं की लगेच ब्लीच काढू नका. आधी कपडा दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी धरून पिवळं कुठे आहे ते पाहा, जागेवरून कारण कळतं.

गळा, काख, मनगट पिवळं असेल तर घाम आणि तेल. ड्रायक्लीनला दिलेले कपडेही इथे पिवळे पडतात आणि लोक चक्रावतात. ड्रायक्लीनचं रसायन तेल काढतं, पण घामातले क्षार आणि सरबतातली साखर पाण्यानेच निघते. लग्नात सांडलेलं सरबत वाळल्यावर दिसत नाही, दोन वर्षांनी तपकिरी डाग होऊन उगवतं. द्यायचंच असेल तर सांडलेली जागा दाखवून द्या.

घडीच्या रेघांवर पिवळं असेल तर खळ, किंवा लाकूड-पुठ्ठा-वर्तमानपत्राचा संपर्क. बाहेरच्या घडीवर सरसकट फिका पिवळा आणि आतून पांढरं असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीवर संशय घ्या. काही पिशव्यांतलं रसायन हवेतल्या धुराशी मिळून असा पिवळा रंग देतं. हा नुसत्या व्हिनेगरच्या पाण्याने आणि उजेडाने बराचसा उतरतो, ब्लीचची गरज नसते.

सुटा पिवळा ठिपका साबण लागताच लाल झाला तर ती हळद आहे. लाल पाहून घाबरू नका, धुऊन ओलाच उन्हात ठेवा, हळद उन्हाने जाते. हे मलमललाच, जॉर्जेटला एका वेळी थोडंच ऊन.

नारिंगी, कडा स्पष्ट असलेला ठिपका म्हणजे हुकाचा, टाचणीचा किंवा ट्रंकेचा गंज. गंज आधी काढायचा. त्यावर ऑक्सिजन ब्लीच पडलं तर लोखंडामुळे ते त्याच जागी जोराने काम करतं आणि ठिपक्याच्या जागी भोक पडतं. मलमलवर लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ लावा, ओलसर ठेवून थोडा वेळ उन्हात धरा, मग खूप पाण्याने धुवा.

आणि सगळा कपडा एकसारखा मळकट झाला असेल तर बहुधा कपड्याला कारखान्यात दिलेली चमक उतरली आहे. पांढऱ्या कापडाला निळसर तेज देणारी रसायनं उन्हाने आणि वर्षांनी विरतात. हा डाग नसल्यामुळे कितीही धुतलं तरी जात नाही. पॉलिस्टर जॉर्जेटवर कापड एक छटा आणि सुती टाके दुसरी छटा दिसू लागतात, ते याचमुळे.

पांढऱ्या कपड्यांसाठी मिळणारं क्लोरीनचं लिक्विड ब्लीच यातल्या कशालाच वापरू नका. त्या दिवशी कपडा लख्ख दिसतो. पण ते बारीक धागा कमजोर करतं, आणि नीट निघालं नाही तर काही महिन्यांनी स्वतःच पिवळेपणा आणतं.

८. एक कपडा सुरुवातीपासून: मावशीची मलमलची साडी

पांढरी मलमल, पदरावर मुर्री आणि जाळी, काठाने बखिया. कडक खळ देऊन, इस्त्री करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर्षानुवर्षं ट्रंकेत ठेवलेली. सगळ्या घड्यांवर चहाच्या रंगाच्या रेघा, एका कोपऱ्यात गंजाचा ठिपका आणि दोन ठिकाणी कसरीने खाल्लेलं.

पहिलं काम ताकद पाहायचं. काठाजवळचा एक सुटा धागा दोन बोटांत धरून ओढला. थोडा ताण घेऊन तुटला, म्हणजे कापडात जीव आहे. बोट लावताच भुगा झाला असता तर मी पाण्यातही घातली नसती. कसरीच्या भोकांभोवती पातळ मलमलचा तुकडा मागून ठेवून बारीक धावदोरा घातला, नाहीतर पाण्यात ती फाटत गेली असती.

मग नुसतं गार पाणी. साडी सैल घडीत टबात बुडवून ठेवली आणि दर दोन-तीन तासांनी पाणी बदललं. पहिली पाणी पातळ चहासारखी निघाली. रात्रभर हे चालू दिल्यावर रेघा निम्म्याने फिक्या झाल्या, साबणाचा थेंबही न वापरता.

आता खळ. ती पूर्ण निघाली का हे डोळ्यांना कळत नाही. टबातलं थोडं कोमट पाणी साडी दाबून वाटीत घेतलं आणि त्यात पोव्हिडोन आयोडीनचा एक थेंब टाकला. पाणी निळं-काळं झालं, म्हणजे खळ अजून आहे. आयोडीन फक्त वाटीतल्या पाण्यात टाकायचं, कापडावर कधीच नाही, आणि ते पाणी फेकून द्यायचं. एन्झाइमची पावडर घालून हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४० अंशाला, साडी तासभर ठेवली, खळबळली, पुन्हा थेंब टाकला. निळेपणा फिका. दुसऱ्या खेपेनंतर पाणी आयोडीनच्याच पिवळसर रंगाचं राहिलं, तेव्हा खळ संपली. (एन्झाइमची पावडर रेशमाला लावू नका, ती रेशीमही खाते.)

गंज लिंबू-मिठाने काढला. दोनदा लावावं लागलं.

त्यानंतरच ऑक्सिजन ब्लीच. एका लिटरला एक छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आसपास, या प्रमाणात पावडर ५० अंशाच्या पाण्यात पूर्ण विरघळवली. पावडरचा दाणा कापडावर पडू द्यायचा नाही. गार पाण्यात हे ब्लीच जवळजवळ कामच करत नाही आणि ‘काही फरक पडला नाही’ म्हणणाऱ्यांचं बहुधा इथेच चुकतं. साडी पूर्ण बुडालेली हवी, वर तरंगलेला भाग वेगळ्या छटेचा होतो. चार तास ठेवली, मधे मधे हलवली. पाणी गार झाल्यावर आणि बुडबुडे थांबल्यावर द्रावणातला दम संपतो, त्यात रात्रभर ठेवून जास्त फायदा नाही. पाच पाणी काढली, मधे एकदा व्हिनेगर.

रेघा जवळजवळ गेल्या, दोन घड्यांवर फिकट सावली उरली. दुसऱ्यांदा ब्लीच करता आलं असतं. मी केलं नाही, कारण त्याच घड्यांवर कापड सगळ्यात थकलेलं होतं आणि आणखी पांढरेपणाची किंमत तिथेच मोजावी लागली असती. मावशी ती साडी नेसली तेव्हा ती सावली निऱ्यांत गेली.

व्हिस्कोस जॉर्जेटला हेच करायचं असेल तर ब्लीचचं प्रमाण निम्मं, पाणी ४० अंशाच्या वर नाही आणि वेळ अर्धा-पाऊण तास. आधी आतल्या शिवणीवर करून पाहा.

९. ठेवताना

धुतलेला, खळ नसलेला, नीळ नसलेला आणि हाडापर्यंत कोरडा कपडाच ठेवायचा. एकदा घातलेला ‘पण मळला कुठंय’ कपडा परत कपाटात जाऊ देऊ नका.

जुनं, अनेकदा धुतलेलं पांढरं सुती धोतर किंवा पंचा यात गुंडाळा. ड्रायक्लीनवाल्याची प्लॅस्टिकची पिशवी त्याच दिवशी काढून टाका. लाकडी फळीवर थेट नको, वर्तमानपत्रावर नको. डांबराच्या गोळ्या किंवा कडुनिंबाचा पाला ठेवलात तर वेगळ्या पुडीत, कापडाला लागू न देता. जॉर्जेट कुर्ता हँगरवर लटकवला तर स्वतःच्या आणि भरतकामाच्या वजनाने लांबतो, तो आडवाच ठेवा.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला, आणि पाऊस संपला की नवरात्राच्या सुमाराला सगळे कपडे काढून सावलीत वारा द्या. परत ठेवताना घडी जुन्या रेघेवर पडणार नाही अशी घाला. भारी साडी असेल तर घडीऐवजी पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा, पण नळीला आधी सुती कापड लावा.

१०. एवढं करूनही पांढरं झालं नाही तर

कापड मजबूत आहे, टाके शाबूत आहेत, पण छटा काही जात नाही, अशा वेळी पुन्हा पुन्हा ब्लीच करण्यापेक्षा तो कपडा रंगवून घ्या. सुती मलमलवर सुती धागा असेल तर दोन्ही जवळजवळ सारखा रंग घेतात आणि फिका राखाडी, पिस्ता किंवा अबोली फार सुंदर बसतो. व्हिस्कोस जॉर्जेटही रंग घेतं, फक्त कापड आणि टाके यांच्या छटेत थोडा फरक पडतो, तो बहुतेकींना आवडतो. पॉलिस्टर जॉर्जेटवर सुती कपड्याचा रंग चढत नाही: टाके रंगतात आणि कापड तसंच राहतं. म्हणून रंगाऱ्याला देताना कापड कोणतं आहे ते सांगा आणि आतल्या शिवणीचा एक तुकडा आधी रंगवून मागा. डाग आणि खळ त्याआधी पूर्ण काढलेले हवेत, नाहीतर त्या जागा रंगातून गडद ठिपके होऊन दिसतात.